पहिला नोड काढताना

थोरलीचं आणि कॉम्प्युटरच्या सी भाषेचं पहिल्या दिवसापासून वाकडं. मागच्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात ती अशी काही आपटली की वर्षच गेलं, आणि यंदा ती आपल्या चुलत बहिणीच्या वर्गात येऊन बसली. घरात दोघींना थोरली-धाकटी म्हणत, ती नावं लॅबमध्येही चिकटली. थोरलीची जीभ कात्रीसारखी चाले. धाकटीच्या तोंडून दिवसाकाठी दहा वाक्यं निघाली तर नशीब, पण कीबोर्डवर तिचे हात चालायला लागले की बघत राहावं.

कॉलेजचा नियम सरळ होता. सहाही असाइनमेंटवर सरांची सही हवी. एक जरी राहिली तरी परीक्षेला बसता येणार नाही. पात्र मुलांची यादी आज पाच वाजता ऑफिसात जायची होती. थोरलीच्या पाच सह्या कशाबशा झाल्या होत्या. राहिली होती सहावी, लिंक्ड लिस्टची. आणि थोरलीची परीक्षा दुसऱ्यांदाही गेली की नावच कमी, मग कॉलेज विसरा.

म्हणून तिने धाकटीचा प्रोग्राम मागून घेतला होता. धाकटीने दिला, ताईला नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं. थोरलीने वर आपलं नाव घातलं, रोल नंबर घातला आणि एक ओळही न वाचता फाईल सबमिट केली. आळस नव्हे बरं का, भीती. वाचली असती आणि कळलीच नसती, तर काय करणार होती ती?

"या दोघी. इकडे या," सर म्हणाले तेव्हा साडेतीन वाजले होते.

सरांना मुलं पाठीमागे सेमीकोलन म्हणत, कारण ते अर्ध्या वाक्यात थांबून समोरच्याकडे बघत राहायचे आणि समोरच्याचा जीव टांगणीला लागायचा. त्यांनी शेजारशेजारच्या दोन मशीनवर दोघींचे प्रोग्राम उघडले. दोन्हीकडे चार आकडे भरले: दहा, वीस, तीस, चाळीस. तीस डिलीट केला, निघाला. चाळीस डिलीट केला, निघाला. नंतर शेवटी पन्नास घातला, तोही नीट बसला. मग त्यांनी दोन्हीकडे दहा डिलीट केला, यादीतला पहिलाच.

दोन्ही पडद्यांवर दहाच्या जागी कुठलीशी लांबलचक, भलतीच संख्या उमटली, खाली 'सेगमेंटेशन फॉल्ट' आलं आणि दोन्ही प्रोग्राम आडवे झाले.

"बरोबर उत्तर दोघींचं सारखं येऊ शकतं," सर म्हणाले. "पण चूकही तीच, त्याच ओळीवर..." आणि थांबले. "कुणी कुणाचं उतरवलं? जिने उतरवलं तिला सही नाही."

आता धाकटीचं तोंड उघडेल आणि आपण संपलो, एवढंच थोरलीला कळत होतं.

धाकटीचं तोंड उघडलं खरं. "मी उतरवलं, सर. ताईचं."

थोरलीने झटकन मान वळवली. धाकटी जमिनीकडे बघत होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते. थोरलीने बोलायला हवं होतं. नाही बोलली. लाज वाटली का? वाटली की! पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि भीतीने तिचं तोंड दाबून धरलं.

सरांनी चष्मा वर सरकवला. सहा महिने दोघींना पाहिलं होतं त्यांनी. काही अगदीच दूधखुळे नव्हते. "असं? मग थोरलीबाई, प्रोग्राम तुमचा. चूकही तुमचीच. ती तुम्हीच काढणार. दहा मिनिटं. आणि तू," धाकटीला म्हणाले, "भिंतीकडे तोंड करून बस."

थोरली खुर्चीत बसली. पळून जावं असं मनात आलं, पण पळून जाणार कुठे, घरी? मग आयुष्यात पहिल्यांदा तिने तो प्रोग्राम वरपासून वाचायला घेतला.

लिंक्ड लिस्ट म्हणजे डब्यांची रांग, हे तिला ऐकून ठाऊक होतं. प्रत्येक डब्यात, म्हणजे नोडमध्ये, एक आकडा आणि पुढच्या नोडचा पत्ता. शेवटच्याकडे पत्ता नाही, तिथे नल. मेन प्रोग्रामच्या हातात काय असतं? फक्त पहिल्या नोडचा पत्ता, त्याचं नाव हेड. तो एक गमावला की बाकीची रांग कुठे आहे ते कुणी सांगणार नाही.

ती डिलीटच्या फंक्शनवर आली. मधला नोड काढायचा तर आधीच्या नोडला पुढच्याचा पत्ता द्यायचा आणि मधला फ्री करायचा, म्हणजे त्याची जागा मशीनला परत द्यायची. हे बरोबर होतं, म्हणून तर तीस गेला होता. पहिला काढायचा तर हेडमध्ये दुसऱ्याचा पत्ता ठेवायचा आणि पहिला फ्री करायचा. तेही लिहिलेलं होतं! डोळे फाडफाडून पाहिलं तरी चूक दिसेना.

"पाच मिनिटं झाली," सर म्हणाले.

तिने पान वर नेलं, यादीच्या पुढे नोड घालायच्या फंक्शनकडे, इन्सर्टकडे. पहिल्या जागी नवा नोड घातला की तिथेही हेड बदलतं. मग ते कसं चालतं? तिने दोन्ही फंक्शनं खालीवर करून ताडून पाहिली, भाजीवाल्याचा तराजू पाहावा तशी. इन्सर्ट शेवटी हेड रिटर्न करत होतं, आणि मेनमध्ये लिहिलेलं होतं, 'हेड = इन्सर्ट'. डिलीट मात्र व्हॉइड होतं. काहीच परत देत नव्हतं.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. कोपऱ्यातली दोन मुलं फिस्सकन हसली.

मेनने डिलीटला हेड दिलं, पण फंक्शनच्या हातात पडली ती त्या पत्त्याची प्रत. फंक्शनने प्रतीत नवा पत्ता लिहिला, पहिला नोड फ्री केला आणि निघून गेलं. मेन बिचारं जुनाच पत्ता धरून बसलं, जिथे आता आपलं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. म्हणून ती भलतीच संख्या.

तिने व्हॉइड काढून इन्सर्टसारखा नोडचा पॉइंटर, म्हणजे पत्ता, लिहिला. पहिला नोड गेल्यावर रिटर्न हेड. आकडा सापडला नाही तरी रिटर्न हेड. शेवटी रिटर्न हेड. कंपाइल झालं, एका शब्दाची तक्रार नाही. तिने तेच चार आकडे पुन्हा भरले. दहा डिलीट केला.

तीच लांबलचक संख्या, तोच फॉल्ट.

थोरलीला रडूच फुटायचं बाकी होतं. घड्याळात दोन मिनिटं उरली होती. परत दिलं ना मी? दिलं की! मग घेतलं कुणी? तिने पान सरसर खाली, मेनपर्यंत नेलं. तिथे नुसतं डिलीट लिहिलेलं होतं. फंक्शन नवा पत्ता परत देत होतं आणि मेन तो घेतच नव्हतं. तिने डिलीटच्या आधी लिहिलं, 'हेड =', आणि पुन्हा दहा डिलीट केला.

वीस, तीस, चाळीस.

सरांनी स्वतः येऊन यादीत नसलेला नव्वद डिलीट करायला सांगितला. यादी जशीच्या तशी राहिली. मग एकेक करून सगळे पुसले. पडद्यावर आलं, यादी रिकामी. "हं," सर म्हणाले. त्यांनी थोरलीचं जर्नल ओढलं, मोठ्याने म्हणत दहापैकी दहा लिहिले, सही केली. मग धाकटीचं जर्नल ओढलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

थोरली त्या सहीकडे बघत होती. काय गंमत आहे पाहा, अर्ध्या तासापूर्वी हीच सही मिळाली असती तर ती नाचत घरी गेली असती. पण आता तिला कळलं होतं की तो प्रोग्राम किती विचारपूर्वक लिहिला होता, एक पत्ता परत द्यायचा राहिला तेवढं सोडून. तो लिहिणारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. थोरलीला स्वतःची शिसारी आली.

"सर, थांबा. प्रोग्राम तिचा आहे. सगळा. मी उतरवला. आत्ता जे चार शब्द घातले तेवढेच माझे."

"ताई, गप्प बस!" धाकटी ओरडली. सहा महिन्यांत लॅबने तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.

सरांनी थोरलीच्या जर्नलवरची सही खोडली. कागद फाटेल इतक्या जोराने खोडली. धाकटीच्या जर्नलवर सही केली, चुकीचा एक गुण कापून. नऊ. "खोटं बोलल्याबद्दल तुझ्या घरी कळवणार आहे," तिला म्हणाले. मग थोरलीकडे वळले. "तुमचं नाव यादीत..." आणि थांबले.

या वेळी थोरली त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसली नाही. "यादी पाचला जाते, सर. अजून चार वाजले नाहीत. मला कोरी फाईल द्या."

"एका तासात? सहा महिन्यांत जे झालं नाही ते?"

"नाही झालं तर खोडा नाव. मी काही म्हणणार नाही."

सरांनी धाकटीला दाराबाहेर काढलं आणि थोरलीसमोर रिकामा पडदा उघडून दिला.

तो तास कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. पहिली वीस मिनिटं नोडचं स्ट्रक्चर लिहून, मॅलॉकने नव्या नोडसाठी जागा मागून, तो छापण्यातच गेली. पुढे घालायचं फंक्शन जमलं. शेवटी घालायचं फंक्शन रिकाम्या यादीवर आपटलं. तिने ओठ चावत हेड नल आहे का ते आधी तपासायची ओळ घातली. डिलीट मात्र न थांबता लिहिलं, एका दमात, हेड परत देऊन आणि मेनमध्ये घेऊन. मधल्या ठरावीक जागी नोड घालायचं फंक्शन राहून गेलं. पाचला आठ कमी असताना सर म्हणाले, "हात काढा."

त्यांनी आधी दहाच डिलीट केला. वीस आला, तीस आला. शेवटचा उरलेला काढला, प्रोग्राम पडला नाही. "मधलं इन्सर्ट कुठे आहे?"

"नाही झालं, सर."

त्यांनी गुण लिहिले, सही केली, यादीत तिचं नाव घातलं आणि यादी घेऊन स्वतःच ऑफिसकडे निघून गेले. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत.

बाहेर धाकटी जिन्यावर बसली होती, रडून डोळे सुजलेले, आणि रागाने फणफणत होती. "बोलायची काय गरज होती गं तुला? गेलं असतं ना नाव! किती मिळाले?"

"पाच."

"दहापैकी पाच? माझ्या प्रोग्रामवर दहा मिळाले होते तुला!"

थोरली तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"ते तुझे होते गं, बाळा," ती म्हणाली. "हे पाच माझे आहेत."