परत आलेलं स्वागत

केंद्रात तिला सगळे लवंगी म्हणत. दिसायला एवढीशी, पण बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला या नावाचा रागही नव्हता. उलट कोणी नवीन माणूस कामाला लागला की तीच आधी सांगून टाकायची, "मला लवंगी म्हणतात हं, जपून."

हे केंद्र म्हणजे अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माणसांना पुन्हा चालायला, जेवायला, बोलायला शिकवणारी जागा. लवंगी तिथे समोरच्या टेबलावर बसे आणि मोबाईलवरून येणाऱ्या निरोपांना उत्तरं देई. केंद्राचं ॲप पेशंटांच्या मोबाईलवर टाकून दिलेलं असायचं. त्यातलं 'आमच्याशी बोला' दाबलं की पहिली ओळ आपोआप उमटायची, 'नमस्कार! आपले स्वागत आहे. मी आपली काय मदत करू?' ही ओळ यंत्र लिहायचं, लवंगी नाही. पेशंटाने त्यावर काहीतरी लिहून पाठवलं की मगच ते लवंगीच्या पडद्यावर यायचं आणि पुढचं बोलणं तिचं.

त्या दिवशी दुपारी जेवण होऊन डोळे जड झालेले असताना एक निरोप आला.

'नमस्कार! आपले स्वागत आहे. मी आपली काय मदत करू?'

आमचीच ओळ आम्हालाच. लवंगीला हे नवीन नव्हतं. कोणाचं बोट चुकून दाबलं जायचं, कोणाच्या नातवाच्या हातात मोबाईल असायचा, कोणाला समोर माणूस आहे की यंत्र हे बघायचं असायचं. अशा लोकांना ती 'पोपट' म्हणायची.

"पोपट आला गं," ती शेजारच्या खुर्चीवरच्या हिशेबनीस बाईला म्हणाली आणि लिहिलं, 'अरे वा, तुम्हालाही नमस्कार! बोला, काय काम काढलंत?'

उत्तर आलं. तेच. पूर्णविरामासकट तेच.

'अहो, स्वागत पोचलं. पुढे बोला.'

पुन्हा तेच.

आता लवंगीला चेव आला. रिकामटेकड्यांना जिरवायची संधी ती सहसा सोडत नसे. तिने लिहिलं, 'इतकं स्वागत करताय तर येतोच आम्ही. दार उघडून बसा, आलोच!' पुढे हसरा चेहरा टाकला, हिशेबनीस बाईला दाखवला, दोघी खिदळल्या. मग तिने बोलणं बंद केलं आणि त्या नंबरावर 'खोडसाळ' असा शिक्का मारला. हा शिक्का मारला की पुढचे निरोप पडद्यावर येत नाहीत, एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात. तो कप्पा कोणी उघडत नाही. पडद्याच्या कडेला पेशंटाची माहिती यायची, पण पोपटाची माहिती कशाला बघायची? सगळ्या प्रकाराचा फोटो काढून तिने केंद्रातल्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आजचा पोपट.' भराभर हसू आलं. लवंगीची दुपार बरी गेली.

बोलायला शिकवणाऱ्या ताईंना दिवसभर मोबाईल बघायची सवड नसे. शेवटचा पेशंट गेल्यावर, दिवेलागणीला त्यांनी तो फोटो पाहिला आणि खोलीतून अक्षरशः पळत बाहेर आल्या.

"हे कोणाच्या नंबरवरून आलंय?"

"असेल कोणीतरी रिकामटेकडं," लवंगी म्हणाली. "का हो?"

ताईंनी तिच्या हातातून माऊस जवळजवळ ओढून घेतला आणि कडेची माहिती उघडली. वर एका काकूंचा फोटो. खाली ताईंनीच कधीतरी लिहून ठेवलेलं: 'बोलता-लिहिता येत नाही. छोटं वाक्य वाचून कळतं. हो-नाहीचे प्रश्न विचारा.'

काकूंना लवंगी ओळखत होती. ड्रायव्हरकाकांच्या काकू. काका निवृत्त बसड्रायव्हर, बायकोला हाताला धरून आणायचे आणि वाटेत दिसेल त्याला रस्ता द्यायला सांगायचे. काकूंकडे झटक्यानंतर हो, नाही आणि आणखी दोन-चार शब्द उरले होते. लवंगीने त्यांना कितीदा खुर्ची दिली होती.

ताईंनी खोडसाळांचा कप्पा उघडला. त्यात तीच ओळ होती. पुन्हा पुन्हा, एकाखाली एक, दुपारपासून.

"अहो, पण त्यांनी नीट काहीतरी…" लवंगी म्हणाली.

"नीट कुठून आणणार?" ताई ओरडल्या. केंद्रात त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. "त्यांना शब्द सुचत नाही. समोर दिसतो तो उचलून पाठवता येतो. बोट दाबून धरायचं, उचलायचं, चिकटवायचं. मीच शिकवलंय. काहीच लिहिता आलं नाही तर समोरचं उचल, पण पाठव, असं मीच सांगितलंय. कोणीतरी माणूस विचारेल म्हणून."

बोलता बोलता त्यांनी लिहिलं, 'काकू, त्रास आहे?' आणि खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं पाठवली.

डोळ्याचं पातं लवतंय तोवर उत्तर आलं. 'हो.'

'तुम्हाला?'

'नाही.'

'काकांना?'

'हो.'

झालं. इतकंच करायचं होतं. ही बटणं रोज लवंगीच्याच बोटाखाली असायची.

काकांचा फोन नुसता वाजत राहिला. ताई केंद्राची गाडी आणि ड्रायव्हर घेऊन निघाल्या, लवंगी न विचारता मागे बसली. वाटेत "काका बरे असू देत" असं ती मनात म्हणत होती, आणि त्याच्या मागोमाग "ते 'आलोच' काकूंनी वाचलेलं नसू दे" असंही म्हणत होती. हे दुसरं मागणं आपण पहिल्याइतकंच जीव तोडून मागतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

सर्वांत वरचा मजला. दार सताड उघडं. दारातच खुर्ची टाकून काकू बसलेल्या, मांडीवर पर्स, निघायच्या तयारीत. या दोघींना बघून त्यांचा अर्धा चेहरा उजळला. त्यांनी हात वर करून आत, न्हाणीघराकडे दाखवलं आणि मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "आले."

न्हाणीघराचं दार आत उघडणारं. काका पाय घसरून नेमके दाराला टेकून पडले होते, त्यामुळे ते बाहेरून ढकलवत नव्हतं. शेवटी गाडीच्या ड्रायव्हरने दाराची वरची फळी फोडून वाट केली. काका शुद्धीत होते, पण गार पडलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. इतका वेळ ओल्या फरशीवर पडून राहिल्यामुळे छातीत कफ भरला, पाठीला जखम झाली. आता चालणं कधी आणि किती, हे डॉक्टर सांगत नव्हते. काकूंना हाताला धरून नेणारा हात आता पलंगाच्या कठड्याला धरून होता.

केंद्रात लवंगीवर कोणी ओरडलं नाही. ज्यांनी ज्यांनी त्या फोटोवर हसून घेतलं होतं त्यांनी आपापलं हसू गुपचूप पुसून टाकलं. तिने टाकलेला तो फोटो मात्र सगळ्यांनी पाहिलेला होता. तिने नोकरी सोडण्याचं बोलून पाहिलं, तर ताई म्हणाल्या, "ते सोपं आहे. आधी दवाखान्यात जाऊन ये."

ती गेली. काका पलंगावर, काकू शेजारी स्टुलावर भिंतीकडे तोंड करून. काकांनी तिला ओळखलं आणि हात जोडले.

"तुमच्या केंद्राचे उपकार आहेत," काका म्हणाले. "मी आतून ओरडत होतो, खाली जा, कोणाला तरी बोलाव. ही म्हणाली, येतात. मी म्हटलं, कोण येतात? तर येतात, येतात. मग म्हटलं, हिने कोणाला तरी कळवलेलं दिसतंय. मग कशाला एवढे जिने उतरायला लावू, पडली म्हणजे? म्हटलं, बस तू दारात. मीही ओरडायचा थांबलो. तुम्हाला वाटेत उशीर झाला, चालायचंच. मीही गाडी चालवलीय आयुष्यभर."

"पण हिचं बघा," काका आवाज खाली आणून म्हणाले. "त्या दिवसापासून गप्प आहे. हो-नाही पण म्हणत नाही. मोबाईल काढते, तुमचा निरोप दाखवते, आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेते. तिला वाटतं तिनेच काहीतरी चुकीचं पाठवलं, म्हणून तुम्हाला घर सापडेना. किती महिन्यांनी चार शब्द आले होते तिला."

आता मात्र राहवेना. लवंगी खाली बसली, काकूंच्या गुडघ्याशी, आणि सांगायला लागली. म्हणाली की काकू, त्या दिवशी दुपारी खूप निरोप येत होते, आणि असे निरोप बरेचदा मुलं पाठवतात, त्यामुळे माझा गैरसमज झाला, म्हणजे मला जर माहीत असतं तर…

काकूंचे डोळे तिच्या ओठांवरून इकडे तिकडे धावत होते, काहीच हाताला लागत नव्हतं.

"लांब कळत नाही तिला," काका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांना कळलं होतं. "छोटं बोला."

लवंगीने पुन्हा तोंड उघडलं. 'गैरसमज' गेला, 'त्यामुळे' गेलं, 'जर' गेलं. मागे काय उरतं ते तिला दिसत होतं, आणि ते म्हणायला जीभ रेटेना.

"मी थट्टा केली," ती म्हणाली.

काकू बघत राहिल्या.

"तुमचं बरोबर होतं. चूक माझी."

काकूंनी मोबाईल काढला. तो निरोप उघडला. 'आलोच'वर बोट ठेवलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कितीतरी वेळाने, घासून निघाल्यासारखे दोन शब्द बाहेर आले.

"येत… नव्हता?"

त्या दिवसानंतरचे त्यांचे पहिले शब्द. काकांनी डोळे मिटून घेतले.

"नाही," लवंगी म्हणाली. "येत नव्हतो."

काकूंनी मान हलवली. कपाळावर मारून घेतलं नाही. त्यांनी स्टूल भिंतीपासून फिरवलं, लवंगीकडे पाठ केली, आणि आपल्या चांगल्या हाताने काकांचं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. लवंगी तिथेच फरशीवर बसून राहिली. तिला जा असं कोणी म्हटलं नाही, आणि थांब असंही.