वर्कशीटवरचं बोट

तिला घरीदारी सगळे घाईताई म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत तिचं उत्तर लिहून झालेलं असे. शेजारी छापलेल्या आकृतीकडे ती ढुंकूनही पाहत नसे. फिजिक्सची दोन वर्कशीटं तिने अशीच घालवली होती. तिसरंही गेलं, तर शनिवारच्या मॅचला शाळेच्या फुटबॉल टीमचा गोल दुसरं कुणीतरी सांभाळणार होतं. हा नियम बाईंचा नव्हता, कोचचा होता, त्यामुळे रडून उपयोग नव्हता.

मधल्या सुट्टीत तिची चुलतबहीण धावत आली. दोघी एकाच इयत्तेत, पण वर्ग वेगळे, आणि तिच्या वर्गात तेच वर्कशीट सकाळीच झालं होतं.

"ऐक नीट. करंट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. एक दिवा काढला की दुसराही विझतो. आणि लेन्सची प्रतिमा उलटी, पडद्यावर मिळते."

"बस्स? एवढंच?"

"शेवटी एक गणित आहे, ते माझं मलाच जमलं नाही."

घाईताईला जग जिंकल्यासारखं वाटलं. तीन उत्तरं खिशात घातल्यासारखी घेऊन ती वर्गात शिरली, आणि दारातच बाईंनी पत्र्याचा डबा पुढे केला.

"पेनं यात टाका. आधी नुसतं बोट फिरवायचं. मी सांगेन तेव्हा पेन मिळेल."

बाईंचा हा नेहमीचाच खाक्या होता. सर्किट असलं की सेलच्या लांब रेघेवर बोट ठेवायचं, कारण ती धन बाजू, आणि तारेवरून फिरत आखूड रेघेपर्यंत परत यायचं. घाईताई नेहमी बोट नुसतं कागदावर नाचवी आणि खिडकीबाहेर बघे.

वर्कशीट समोर आलं. पहिलाच प्रश्न शब्दाला शब्द तोच! तिला हसू आवरेना. पण पेन डब्यात, त्यामुळे हाताला काम नाही. करायचं काय, म्हणून तिने खरोखरच बोट ठेवलं. लांब रेघ डावीकडे निघाली. बोट डावीकडून वर गेलं, उजवीकडून खाली आलं. घड्याळाचे काटे म्हणे! काटे असे फिरतात का? तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हो, असेच फिरतात.

म्हणजे चुलतबहीण बरोबर होती. घाईताईचा जीव भांड्यात पडला.

दुसरी आकृती. 'दिवा क काढला, तर दिवा ख चं काय होईल?' इथे बोट मधेच अडखळलं. तारेला फाटा फुटला होता. क एका फांदीवर, ख दुसऱ्या. मग क गेला तरी ख ला त्याची स्वतःची वाट होतीच की! म्हणजे ख पेटलेलाच राहणार. सकाळच्या वर्गाला बाईंनी वेगळी आकृती दिली होती तर! प्रश्न तेच, चित्रं वेगळी, आणि शनिवार हातचा चालला होता.

"घ्या पेनं," बाई म्हणाल्या.

इतरांनी डब्यावर झडप घातली. घाईताई मात्र बसून राहिली. ख च्या फांदीवरून तिने बोट पुन्हा पुढे नेलं, आणि तिथे कळीचे, म्हणजे स्विचचे, दोन कंस दिसले. मध्ये टिंब नव्हतं. टिंब असतं तर कळ लागलेली. हे कंस रिकामे, म्हणजे ख ची वाट तुटलेलीच. अरेच्चा, म्हणजे ख मुळात पेटलाच नव्हता! तिने पेन आणून लिहिलं, 'काहीच फरक पडणार नाही. ख आधीपासूनच विझलेला आहे.'

लेन्सच्या आकृतीतही तिने एकेक किरण बोटाने धरला. वस्तू लेन्स आणि लेन्सच्या नाभीच्या, म्हणजे फोकसच्या, मध्ये उभी होती. लेन्समधून बाहेर पडलेले किरण एकमेकांपासून लांब लांबच चालले होते. मागे वस्तूच्या बाजूला जुळत होत्या त्या फक्त तुटक रेषा, आणि तुटक रेषेतून उजेड जात नाही. पडद्यावर काय मिळणार, कपाळ! 'प्रतिमा सुलटी, मोठी, आभासी. पडद्यावर मिळणार नाही,' असं लिहून ती गणिताकडे वळली, तेवढ्यात घंटा झाली. चौथ्या उत्तराची जागा कोरीच राहिली. कागद देताना तिला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला टेबलाशी बोलावलं. दहापैकी सात. पास व्हायला सहा लागत.

"निम्म्या वर्गाने दुसरा दिवा विझवलाय," बाई म्हणाल्या. "पेटलेला नव्हता, तरी विझवला! तू कशी वाचलीस?"

"बोट फिरवलं, बाई. खरंखुरं."

"त्यात वेळ गेला ना? गणित राहिलं तुझं."

"हो."

बाईंनी कोऱ्या जागेवर लाल पेनने एक गोल काढला आणि हसल्या.

"आजवर तू एकही जागा रिकामी सोडली नव्हतीस, घाईताई. सगळीकडे काहीतरी ठोकून द्यायचीस. ही पहिली रिकामी जागा मला फार आवडली. फक्त शनिवारी गोल रिकामा सोडू नकोस."