बुजवलेल्या जाळ्या

"इले मेलं आजच यायचं होतं! घरोघरी महालक्ष्म्या बसल्या, पुरण शिजून राहिलं, अन् ही बाई गॅस तपासाले आली."

लीलाबाई हे शेजारणीच्या कानात बोलल्या होत्या. पण त्यांचं कानातलं बोलणं म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणारं. दीक्षा तायडे तर हाताच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं आणि पायातला बूट घट्ट केला. अकोल्याहून सकाळच्या एस.टी.नं उभ्यानं आली होती, त्यामुळे राग आधीच गुडघ्यापर्यंत चढलेला.

अमरावतीच्या या कॉम्प्लेक्सच्या गॅस-खोलीचं सुरक्षा टिपण चार वर्षांपूर्वी तिनंच लिहिलं होतं. सगळ्या फ्लॅटांना पाइपानं गॅस देणारी सिलिंडरांची रांग त्या खोलीत उभी असते. वर्षाची तपासणी झाल्याशिवाय एजन्सी भरलेले सिलिंडर देणार नाही, आणि अध्यक्ष खुशालरावांना ते महालक्ष्म्यांच्या विसर्जनाआधी पाहिजे होते.

"बस, एक सही करायची आहे मॅडम," खुशालराव म्हणाले. "मग आमच्याकडंच जेवा. सोळा भाज्या हायेत, आंबील हाये. तुमच्याकडं महालक्ष्म्या नसतील न?"

"नसतात," दीक्षा म्हणाली. "खोली दाखवा."

खोली कम्पाउंडच्या कोपऱ्यात होती. समोर रुंद मोकळी वाट आणि वाटेपलीकडे लीलाबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी. टिपणात दीक्षानं लिहिलं होतं, तेवढं इमारतीपासूनचं अंतर राखलेलं होतं. तिला जरा बरं वाटलं. मग तिनं खाली पाहिलं.

समोरच्या भिंतीत जमिनीलगत जाळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, खळग्यात साचतो. म्हणून जाळ्या खाली, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत, म्हणजे एकीकडून वारा शिरला की दुसरीकडून गॅस बाहेर. इथं जाळ्यांच्या जागी सिमेंटचे गुळगुळीत चौकोन होते. वरून पिवळा रंगही मारलेला.

"हे कोणी केलं?"

"वास यायचा," खुशालराव म्हणाले. "लीलावहिनीच्या थेट खिडकीत."

"वास आला तर गळती शोधायची असते हो! नाक कोणी बुजवतं का?"

"गळती नाही, असाच जरासा वास असते. नवीन सिलिंडर लावलं की येतेच." त्यांनी 'गळती' हा शब्द असा ढकलला, जशी कुणी जेवणाच्या ताटावरून माशी हाकलावी.

एजन्सीचा अश्विन सोबत होता. त्यानं दार उघडलं. दीक्षा उंबऱ्याबाहेरच थांबली आणि वर पाहिलं. गॅस ओळखणारं यंत्र तिनं जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायला सांगितलं होतं. ते आता छताला पालीसारखं चिकटून बसलं होतं.

"ते खाली असलं की सारखं बोंबलायचं," खुशालराव सांगू लागले. "अन् ते बोंबललं की गॅस आपोआप बंद. लोकाईच्या पोळ्या तव्यावर अर्ध्या कच्च्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला, आगीचं यंत्र वरतंच असते साहेब. वर लावलं तेव्हापासून शांत हाये बिचारं."

दीक्षानं पिशवीतून हातात धरायचं, गॅस मोजायचं आपलं यंत्र काढलं. दारातून हात आत घालून छातीच्या उंचीवर धरलं. काही नाही. मग वाकली. गुडघ्याशी टिक्, टिक्. घोट्याशी आणलं तसं ते किंचाळायला लागलं.

अश्विनचा चेहरा उतरला. "मॅडम, एका नळीच्या जोडाशी गळून राहिलं वाटते."

"बाहेर हो. दिव्याच्या बटनाला कोणी हात लावायचा नाही. मोबाइल घेऊन लांब व्हा सगळे. मागच्या जाळ्या तरी उघड्या आहेत का?"

दीक्षा वळसा घालून मागं गेली.

टिपणात मागची जागा मोकळी होती. 'या बाजूला बांधकाम, आग, वाहन, नालीचं तोंड काहीही नको,' असं तिनं ठळक अक्षरांत लिहिलेलं. त्या जागी भिंतीला टेकून टिनाची खोली उभी होती. चौकीदार चंद्रभानचं घर. आत त्याची बायको मैनाबाई चुलीवर भात रांधत होती, आणि चुलीपासून दोन हातांवर भिंतीतल्या जाळ्यांत बारदान कोंबलेलं होतं.

"बाई, आधी चूल विझवा. पाणी ओता. लवकर!"

"भात होत आला मॅडम."

"भात राहू द्या!"

तो आवाज ऐकून मैनाबाईंनी हंड्यातलं पाणी अख्खं चुलीत रिचवलं. दीक्षानं त्यांचा दंड धरून त्यांना पार फाटकापर्यंत ओढत नेलं.

"बारदान काहून कोंबलं?"

"डोकं दुखायचं जी त्या वासानं. समोरचं बुजवलं तवापासून सगळा इकडंच येते. सायबाले सांगतलं होतं. ते म्हणे, सवय होईल."

दीक्षाचे कान तापले. पुन्हा पुढं आली तर अर्धं कॉम्प्लेक्स जमलेलं. जरीच्या पातळांतल्या बाया, कोणाच्या हातात पुरणाचं उलथनं.

"किल्ली," ती खुशालरावांना म्हणाली. बाहेरचा मुख्य खटका, म्हणजे सगळ्या घरांचा गॅस एकदम बंद करणारा व्हॉल्व्ह, लोखंडी पेटीत होता, आणि पेटीला कुलूप. "अश्विन खटका बंद करेल, खोलीत वारा खेळला की सिलिंडरांचेही बंद करेल. गॅस आज सुरू होणार नाही."

"मॅडम, दोन वाजता नैवेद्य हाये. तोवर राहू द्या. इतके दिवस काई झालं नाही."

"मुख्य बंद करा, आत्ता!"

"सणाच्या दिवशी चुली बंद करता? देवीचं काम हाये हे!"

"मी कुलूप तोडू का?" अश्विननं दगडाकडे पाहत विचारलं.

"इथं लोखंडावर दगड मारतोस? एक ठिणगी पुरे." दीक्षा खुशालरावांकडे वळली. "ती मागची खोली कोणी बांधू दिली?"

गर्दी एकदम सगळीकडून बोलायला लागली. कोणी म्हणे चौकीदाराची सोय नको का पाहायला. कोणी म्हणे जागा रिकामीच होती. कोणी म्हणे वास आता येतच नाही, उगाच घाबरवता. खुशालरावांनी खिशातली किल्ली मुठीत घेतली आणि मूठ खिशातच ठेवली.

"खुशालभाऊ," लीलाबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुमी तरी समजावा यायले. तुमच्याच खिडकीसाठी तं केलं."

"हो, माह्याच खिडकीसाठी." लीलाबाईंनी पदर कमरेला खोचला. आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला नाही. "किल्ली द्या त्या पोरीले. काहून नाटकं करून राहिलो आपण? गॅस गळते हे साऱ्याईले मालूम हाये. आपल्या दारातून काढून तो मैनाच्या चुलीवर लोटला, अन् निवांत झोपलो. काहून तं उडालं तं तिचं उडन, आपलं नाही."