मधला रविवार

मंगळवारी सकाळी धुलाईघरातला पैलवान माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. आमच्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या यंत्रावर तो काम करतो. आडवातिडवा, खिडकीतला उजेड अडवणारा माणूस. माझ्याकडे रजांची नोंदवही असते, त्यामुळे लोक माझ्याकडे गरजेपुरते येतात आणि मला ते सोयीचं वाटतं. मी मान वर न करताच म्हटलं, "अर्ज ठेवून जा."

"ठेवलेला परत आलाय, काका."

अर्जावर त्याने आजच्या पुढे आठ दिवस मागितले होते. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, घरगुती काम. खाली धुलाईघराच्या इन्चार्जबाईंचा लाल शेरा होता : नामंजूर. माणसं कमी आहेत.

"बरोबरच आहे की," मी म्हटलं. "कालच एक किरकोळ रजा घेतलीस. फोनवर. तेव्हाही घरगुती काम. घर बांधतोयस का?"

त्याला हसू आलं नाही. माझे विनोद बहुधा असेच जातात, म्हणून मी वही उघडली. तेवढ्यात तो म्हणाला, "दादा गेला. शनिवारी."

एवढंच. मग खिडकीच्या कठड्यावरची धूळ तो बोटाने पुसत राहिला. अशा वेळी काय बोलायचं ते मी पुष्कळ पुस्तकांत वाचलं आहे, पण त्यातलं एकही वाक्य वेळेवर आठवत नाही.

"मग लिहिलं का नाहीस तसं?" शेवटी मी विचारलं.

"दोनदा पेन टेकवलं, काका. लिहिलं म्हणजे झालंच ना ते. हात पुढे गेला नाही."

म्हणजे शनिवारी भाऊ गेला, रविवारी याची साप्ताहिक सुट्टी, सोमवारी किरकोळ रजा. आणि आज मंगळवारी, गावाहून रात्रभर प्रवास करून तो चादरी दाबायला हजर. धुलाईघरात कोणाला पत्ता नाही. मागच्या दोन महिन्यांत भावाच्या आजारपणात हक्काची बाकी सगळी रजा संपलेली, कालची किरकोळ शेवटची.

"आठ दिवस कशाला हवेत?" मला हे विचारावंच लागतं. विचारताना लाज वाटते ती वेगळी.

त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या घरात गेलेल्या माणसाची खुर्ची बारा दिवस रिकामी ठेवतात आणि शेजारी दिवा. दिवा पाठच्या भावाने सांभाळायचा. बाराव्या दिवशी सगळ्यांसमोर तो एका माणसाला हाताला धरून त्या खुर्चीत बसवतो. त्या दिवसापासून घरात त्या माणसाचा शब्द.

"दादाने मला सांगून ठेवलंय, वहिनीला बसव म्हणून. मी नसलो तर चुलत भाऊ बसवणार. कोणाला, ते सांगायला नको. स्वतःलाच! आताच खुर्चीभोवती घिरट्या घालतोय. वहिनी दिव्यात तेल घालायला उठली की हा पुढे सरकतो."

"आणि तू इथे."

"दादाचंच शिकवणं. काम सोडून बसू नये म्हणायचा." तो परत आलेल्या अर्जाची घडी घालू लागला. "त्यानेच वाढवलं मला, काका. एकदा नाही मिळाली म्हटल्यावर दुसऱ्यांदा कसं मागू?"

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. दुसऱ्यांदा न मागणाऱ्यांत माझा नंबर वरचा आहे.

मी नियमांचं पुस्तक काढलं. ते मला बरंचसं पाठ आहे, तरी माझ्या पाठांतरावर माझा भरवसा नाही. सख्ख्या भावाच्या निधनानंतर कामाचे तीन दिवस शोकरजा, मृत्यूपासून पंधरा दिवसांत घ्यायची. पैलवानाने ती मागितलीच नव्हती, म्हणजे तिन्ही दिवस शिल्लक. बारावा दिवस पुढच्या बुधवारी. उद्यापासून तेव्हापर्यंत आठ दिवस, त्यातला एक रविवार. कामाचे सात. तीन गेले, उरले चार. ते बिनपगारी, इन्चार्जबाईंची शिफारस आणि अधीक्षकसाहेबांची सही असेल तर.

मग मी अडलो. शोकरजा आधी लावली तर बिनपगारी शनिवारपासून सुरू होते, मधे रविवार येतो, आणि बिनपगारी रजेच्या पोटात आलेली सुट्टीही आमच्याकडे बिनपगारी धरतात. म्हणजे चाराचे पाच झाले. साहेब चारपर्यंतच सही करतात, पाचवा दिवस वरच्या कचेरीत जातो आणि तिथून उत्तर यायला महिना लागतो. मी दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा उलटं लिहिलं : आधी बुधवार ते शनिवार बिनपगारी, मग रविवार, मग सोमवार ते बुधवार शोकरजा. रविवार दोन वेगळ्या रजांच्या मधे पडला, कोणाच्याच पोटात गेला नाही.

"नवा अर्ज लिही," मी म्हटलं. "कारण खरं लिही."

त्याने पेन धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. कागदावर पेन चाललेलं ऐकू आलं तेव्हाच वळलो. 'थोरला भाऊ वारला' हे तीन शब्द त्याने एवढे मोठे लिहिले होते की रकाना पुरला नव्हता.

इन्चार्जबाईंकडे मी सोबत गेलो. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि आधी त्याच्यावरच ओरडल्या.

"मूर्खा! तीन दिवस झाले आणि तू माझ्यासमोर चादरी मोजतोयस? तोंड शिवलंय का तुझं?"

"माणसं कमी आहेत, बाई."

"ते मला सांग! कमी आहेतच. तुझ्या यंत्रावर दुपारी मी उभी राहीन. हात भाजला तर शिव्या तुला घालीन, एवढंच." त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं, निळं घेतलं आणि शिफारस लिहिली. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "साहेबांकडे कागद टपालाने पाठवू नका, काका. चार दिवस तिथेच पडून राहील. हातात घेऊन जा."

साहेबांच्या दारापर्यंत मी आयुष्यात चारेकदा गेलो असेन, तेही बोलावल्यावर. पैलवान मागे उभा होता, नाहीतर मी पाणी प्यायचं निमित्त करून परत फिरलो असतो. आत गेल्यावर मी अर्ज पुढे सरकवला. साहेबांनी वाचलं.

"बिनपगारी आधी आणि शोकरजा नंतर? उलटं नाही का हे?"

मी रविवारचं सांगितलं. मधे अडखळलो, चारचे तीन म्हणालो, दुरुस्त केलं. साहेब बोटांवर मोजत राहिले.

"नियमात बसतं?"

"बसतं, साहेब," मी म्हटलं, आणि एवढं ठाम आपण बोललो याचीच भीती वाटली. "चौदावं कलम. मृत्यूचा दाखला तो परत आल्यावर जोडेल."

त्यांनी सही केली. "पुढच्या वेळी माणूस गेल्याचं आधी कळवत जा म्हणावं," एवढं बोलून दुसरा कागद ओढला.

आठ दिवस मी वहीत पैलवानाच्या नावापुढे खुणा करत होतो आणि दर खुणेला वाटत होतं, कलम चौदावं की पंधरावं? रोज एकदा पुस्तक उघडून पाहत होतो. चौदावंच होतं.

गुरुवारी सकाळी खिडकीतला उजेड अडला. त्याने दाखल्याची प्रत पुढे केली.

"बसवलंस का वहिनींना?"

"बसवलं. चुलत भाऊ म्हणाला, बाई माणसाला कशाला? मी म्हटलं, वहिनीसारखं दिव्यात तेल घालायला तू एकदा तरी उठलास का? मागे सरकला." पैलवान पहिल्यांदाच हसला. "वहिनी बसली, डोळे पुसले, आणि पहिला हुकूम मलाच."

"काय?"

"म्हणाली, गुरुवारी कामावर वेळेवर जा. मागितलेली रजा संपली."

मी दाखला अर्जाला टाचला. तो धुलाईघराकडे निघाला होता, दारात थांबून म्हणाला, "बाईंचा हात भाजलाय का हो?"

"दोनदा," मी म्हटलं. "तुझी वाट बघतायत."