गोठलेला ढीग

कनास्टाच्या डावात व्याह्यांनी मघाशी स्वतःच दुर्री टाकून पानांचा ढीग गोठवला होता. दुर्री म्हणजे जोकरसारखंच बदली पान. ते ढिगात पडलं की ढीग उचलायला हातात वरच्या पानासारखीच दोन अस्सल पानं लागतात. म्हणून सिस्टरबाईंनी निर्धास्तपणे अठ्ठी टाकली. व्याह्यांनी एक अठ्ठी आणि एक जोकर दाखवला आणि अख्खा ढीग ओढून घेतला.

"अहो, ढीग गोठलेला आहे," सिस्टरबाई म्हणाल्या. "दोन अठ्ठ्या हव्यात."

"आमच्या घरी चालतं, विहीणबाई."

जावई सिस्टरबाईंचा जोडीदार. त्याने पानांतून डोकं वर न काढता म्हटलं, "जाऊ द्या ना, आई."

सिस्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर वॉर्डात भल्याभल्या डॉक्टरांना चुकीचा डोस देऊ दिला नव्हता त्यांनी. आणि इथे लेकीच्या सासरी, कोपऱ्यातल्या गोल टेबलाशी, गप्प बसायचं? शेजारी लेक होती. ती व्याह्यांची जोडीदार. तिने एकदा आईकडे पाहिलं आणि पानं नीट लावत बसली. बाईंनी ढीग जाऊ दिला.

त्या ढिगावर व्याह्यांनी सात दश्श्यांचा कनास्टा, म्हणजे सात पानांचा पुरा गट, मांडला, अठ्ठ्यांचा गट मांडला, वर शीळ घातली. दोन फेऱ्यांनी त्यांनी पान उचललं, हात न्याहाळला आणि खुशीत सुनेला विचारलं, "काय, जाऊ का बाहेर?"

बाहेर जाऊन डाव संपवायला एक कनास्टा लागतो, तो झाला होता. हातातलं एकूण एक पान उतरणार होतं. विचारायची सक्ती नव्हती, पण एकदा विचारलं की जोडीदार म्हणेल ते पाळावं लागतं.

"नाही," लेक म्हणाली.

"नाही? का?"

"कारण विचारायचं नसतं, बाबा. हो किंवा नाही, एवढंच."

"अगं, सगळी पानं लागलीयत माझी!"

"मी नाही म्हटलंय."

व्याही लालबुंद झाले. "मग काहीच मांडत नाही," म्हणत त्यांनी एक पान आपटलं आणि बाकीची छातीशी धरली. जावयाने खेळून घेतलं, लेकीने खेळून घेतलं.

सिस्टरबाईंकडे एक राजा, एक दुर्री आणि एक पंजी उरली होती. ओढलं तर दुसरा राजा. राण्यांचा कनास्टा त्यांच्या बाजूचा कधीच झाला होता. दोन राजे आणि दुर्री त्यांनी मांडली, पंजी ढिगावर ठेवली. हात रिकामा. जावयाला त्यांनी विचारलं नाही.

"मोजा," त्या म्हणाल्या.

व्याह्यांच्या हातातली सगळी पानं उणे धरली गेली. लेकीचीही. तिने ती न कुरकुरता उलटी केली.

"आपल्याच माणसाला बुडवलंस," व्याही पुटपुटले.

"तो ढीग तुमचा नव्हता, बाबा."

जावई पानं गोळा करायला लागला. "आई, खेळच आहे, एवढं काय."

"खेळ आहे म्हणून तर," सिस्टरबाई म्हणाल्या. राग अजून उतरला नव्हता. तो आता व्याह्यांपेक्षा त्याच्यावरच जास्त होता. "पुढच्या डावाला मी लेकीबरोबर बसते. तू तुझ्या वडिलांबरोबर बस."

लेक उठली आणि खुर्ची ओढून आईच्या समोर आली.