डांबऱ्याची डावी बाजू

"म्याडम, ह्याला आता ओसरीवर झोपू देणार न्हाय," सिद्धनाथ म्हणाला. "ह्यानं जांभई दिली की घर रिकामं होतंय."

"मग तूच जा की वाड्यावर, मेंढरांत झोपायला," गोजाबाई म्हणाली.

वळसंगहून सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत मायलेकांचं हेच भांडण चाललं होतं. ज्याच्यावरून भांडण, तो नऊ वर्षांचा काळा कुत्रा डांबऱ्या टेबलावर शेपटी हलवत उभा होता.

"दात बगा, आरशावानी हायेत," गोजाबाई डॉक्टर रुपालीला म्हणाली. "रोज वल्ल्या फडक्यानं पुसती. आता ही लावावी म्हनती." तिने कमरेची मिश्रीची डबी काढली.

"नको, मावशी. तंबाखू आहे ती. तुम्ही थुंकता, हा गिळेल. त्याला विषच."

"माजी पेस्ट?" सिद्धनाथने विचारलं.

"तीसुद्धा गिळेलच की. कुत्र्यांची वेगळी मिळते."

पुढचे दात खरोखर स्वच्छ होते. रुपालीने गालाकडचा ओठ वर उचलला. उजवीकडच्या दाढा जराशा पिवळ्या होत्या. डावीकडे मात्र दगडासारखं तपकिरी किटण होतं आणि हिरडी लाल सुजलेली. एकाच तोंडात एवढा फरक कसा?

"हा एकाच बाजूने चावतो का?"

"व्हय, उजवीकडनं," गोजाबाई म्हणाली. "मला वाटलं, लाडात आलाय."

"हाडं देता?"

सिद्धनाथ खाली बघू लागला. "नळी लई आवडती त्याला."

डावीकडची वरची मोठी दाढ हाडं फोडून तडकलेली होती. दुखतं म्हणून तो डावीकडे चावत नव्हता, आणि न चावल्याने तिथे किटण लवकर साचलं होतं.

"वास बहुतेक ह्या तडकलेल्या दाढेचाच. पण किडनी बिघडली तरी तोंडाला वास येतो. भूल देण्याआधी रक्त तपासू."

"आन् किडनीच असंल तर?"

"तर दाढ काढून भागणार नाही, मावशी."

रिपोर्ट येईपर्यंत सिद्धनाथ डांबऱ्याचा कान खाजवत बसला.

"किडनी चांगली आहे," रुपालीने बाहेर येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन एक्स-रे काढला, तर दाढेच्या मुळाशी पू दिसला. दाढ काढली, बाकीचं किटण यंत्राने साफ केलं. दोन आठवड्यांनी हिरडी भरल्यावर रुपालीने गोजाबाईच्या हातात मऊ ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट दिली.

"तोंड उघडायचं नाही. नुसता ओठ वर करा. ब्रश तिरपा, दात आणि हिरडी मिळतात तिथे. हळूहळू गोल फिरवा. मागच्या दाढा बाहेरून, रोज. चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, मग ब्रशने निघत नाही. आणि हाडं बंद."

डांबऱ्या पेस्ट चाटत होता. गोजाबाईने दाढा घासल्या आणि लेकाला पुढे ओढलं. "हुंग."

सिद्धनाथने भीत भीत नाक नेलं. "कोंबडीचा वास येतोय की!"

"पेस्टचा हाय त्यो. झोपंल का आता ओसरीवर?"

"झोपू दे. पन माज्या खाटंपासनं लांब. रातभर भूक लागंल मला."