लाल दोरा, हिरवा दोरा

माझा फोन म्हणजे हल्ली कुत्र्यांची धर्मशाळा झालाय. सकाळी डोळे उघडायच्या आत चार पिल्लं येऊन पडलेली असतात. "मॅडम, शो क्वालिटी आहे का?" एवढाच प्रश्न. आणि फोटो? पिल्लू सोफ्यावर लोळतंय, नाहीतर कुणाच्या तरी पोटावर झोपलंय, नाहीतर उभ्याने वरून काढलेला फोटो, ज्यात डोकं भोपळ्याएवढं आणि पाय गायब. यात मी कान कुठून सुरू होतात ते बघू की शेपटी कुठे बसलीय ते बघू? तीस वर्षं डॉग शोमध्ये परीक्षक होते. गुडघे गेले तशी रिंग सुटली, पण लोक काही सुटत नाहीत. मीही एक वेडी, प्रत्येकाला उत्तर देत बसते.

त्या शनिवारी जेवण उरकून आडवी होणार, तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दोन फोटो आणि खाली एक ओळ: "मावशी, यातली कुठली ठेवू?"

हा प्रश्न मात्र सोफ्यावरच्या पिल्लांसारखा नव्हता. धाकटीने पस्तीस वर्षं बीगल पाळले, वाढवले. तिच्या कुत्र्यांचं एक घराणंच होतं म्हणा ना. गेली आठ वर्षं ते भाची सांभाळत होती. या खेपेला बाळंतपणात कुत्री अडली, ऑपरेशन करून गर्भाशयच काढावं लागलं. म्हणजे ही शेवटची पिल्लं. तीन नर आधीच दिले गेले होते. उरल्या दोन माद्या, ओळखायला एकीच्या गळ्यात लाल दोरा, दुसरीच्या गळ्यात हिरवा. जी राहील तिच्यावर पुढचं सगळं.

मी लगेच फोन केला. "दोन्ही ठेवता येत नाहीत का गं?"

"मावशी, आईचं उठवणं-बसवणं, माझी नोकरी, त्यात दोन म्हातारी कुत्री. मी कशी उभी आहे ते माझं मला माहीत." तिचा आवाज फार दमलेला होता. "चार वाजता एक जोडपं येतंय. त्यांना शो-बिओ काही नको, घरात सोबत हवी. तू नको म्हणशील ती त्यांना देते."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, ताईला विचार. तिच्या नजरेला येईल ती ठेव."

धाकटीचं कमरेचं हाड मोडलं त्याला सात महिने झाले. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत. मी तिला भेटायला जाऊ शकत नाही, ती मला भेटायला येऊ शकत नाही. दोघी दोन टोकांना बसून गुडघ्यांना आणि कमरेला शिव्या घालतो.

चष्मा लावला, फोटो मोठे केले. पिल्लं आठ आठवड्यांची. या वयात बांधा बघून घ्यावा लागतो, कारण पुढे मोठेपणी अंगाचं जे मोजमाप होणार ते याच दिवसांत नीट दिसतं. मग पिल्लू कसंही वाढत जातं, वर्षभर काही कळत नाही.

लाल दोऱ्यावाली टेबलावर अशी उभी होती की बघत राहावं. हनुवटी एका हाताने उचललेली, शेपटी दुसऱ्या हाताने वर धरलेली. कान खाली, डोळ्यांच्या रेषेत, गालाला चिकटून. पाठ खांद्यापासून शेपटीपर्यंत सरळ. अंग आटोपशीर. मागचे पाय जिथे असायला हवेत तिथेच.

हिरवीचा फोटो म्हणजे आनंदीआनंद होता. भाचीने एका हाताने तिला धरलेलं, दुसऱ्या हाताने फोटो काढलेला. मागचे पाय पोटाखाली गोळा, त्यामुळे पाठीला पोक. कशाला तरी दचकून बघत होती, त्यामुळे कान मुळापासून उचललेले, उंच बसल्यासारखे. शेपटी पायांत.

आता हे मला कळत होतं, की वाईट फोटोने चांगलं पिल्लू वाईट दिसतं. लोकांना दिवसातून दहा वेळा हेच सांगते. पण झोप आली होती, गुडघा ठणकत होता, आणि लाल खरंच सुंदर दिसत होती. तीन वाजून दहा मिनिटांनी मी लिहिलं, "लाल ठेव. हिरवी दे."

आडवी झाले. झोप कसली येते! लाल डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी परत फोन उचलला, उगाच, आवडलेली साडी परत उघडून बघतो ना, तसा.

आणि मग मला तो अंगठा दिसला.

शेपटी धरलेल्या हाताचा अंगठा शेपटीच्या मुळाखाली दाबलेला होता आणि तळवा कमरेवर टेकलेला. म्हणजे शेपटी मुळात कुठे बसलीय, पाठ शेवटी उतरते की नाही, सगळं त्या हाताखाली झाकलेलं. पुढचे दोन्ही पाय वेगवेगळे दिसत होते. पिल्लू बरोबर आडवं उभं असेल तर पलीकडचा पाय अलीकडच्याच्या मागे जातो. म्हणजे मागची बाजू हळूच पलीकडे फिरवलेली. तसं केलं की लांब अंग आखूड दिसतं. हनुवटी नेहमीपेक्षा दोन बोटं वर, म्हणजे कान आपोआप खाली गेल्यासारखे वाटतात. रिंगमध्ये असं कुणी उभं केलं की मी म्हणायचे, "हात काढा." तीस वर्षं म्हटलं. आणि आज मी पिल्लू बघितलंच नाही, हात बघितला.

त्या अंगठ्याचं नख अर्ध्यातून वाकडं होतं. पिंजऱ्याच्या दारात चेमटलं होतं, तेव्हा पट्टी मीच बांधली होती. तो धाकटीचा अंगठा होता.

भाचीला फोन लावला. "लालला टेबलावर कुणी उभं केलं?"

"आईने. टेबल तिच्या खुर्चीपुढे ओढून घेतलं. म्हणाली, लालचा फोटो मी उभी करते तेव्हाच काढ. का गं?"

"दोघींना जमिनीवर सोड. हात लावायचा नाही. तू पोटावर झोप, फोन पिल्लाच्या उंचीला धर आणि बाजूने फोटो काढ."

"मावशी, पावणेचार झालेत! मी आत्ता पोटावर झोपू?"

"झोप गं बाई. माझं चुकलं असेल."

हे वाक्य माझ्या तोंडून भाचीने पहिल्यांदाच ऐकलं असेल. तिने वाद घातला नाही. नुसतं म्हणाली, "लाल आईच्या मांडीवर झोपलीय. दिवसभर तिथेच असते. उचलली की आई अशी बघते जसं काही मी तिचं ताट ओढलं."

तेव्हा मला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. धाकटीने आयुष्यभर मुलीला शिकवलं होतं की पिल्लू डोळ्याने निवडायचं, जीव लागला म्हणून नाही. जीव लागतो ते पिल्लू आधी द्यायचं, म्हणायची. आता कुठल्या तोंडाने सांगणार की मला हीच ठेवा?

चारला पाच कमी असताना नवे फोटो आले. फरशीवर लाल उभी होती, झोपेतून उठवल्यामुळे वैतागलेली. मान सरळ असताना कान डोळ्यांच्या रेषेच्या बरेच वर. शेपटी खाली बसलेली, तिच्यापाशी पाठ घसरलेली. अंग लांब. गोड पिल्लू, पण घरातलं. आणि हिरवी! चारही पाय चौकोनात, पाठ सरळ, शेपटी उंच बसलेली आणि ताठ वर, पाठीवर न वळलेली. कान खालून सुरू झालेले, पुढे ओढले तर नाकाच्या टोकाशी पोचले असते. तिला कुणी उभं केलं नव्हतं. ती आपली आपण उभी होती.

फोन वाजला. भाची कुजबुजत होती. "मावशी, ती माणसं आली, बाहेर बसलीयत. हिरवी त्या बाईंच्या मांडीवर आहे. पटकन सांग, मी तुझ्या शब्दावर चाललेय. पुन्हा पिल्लं होणार नाहीत."

दिलेला निकाल परीक्षक बदलत नाही. मीही कधी बदलला नव्हता. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. धाकटीच्या मांडीवर लाल राहिली असती, आणि दोन वर्षांनी भाचीला रिंगमध्ये दुसऱ्या कुणीतरी "हात काढा" म्हटलं असतं. आठ वर्षं ती नोकरी सांभाळून पहाटे उठून पिंजरे धुते आहे. मला त्या क्षणी कुणी काहीच विचारू नये असं वाटत होतं. कंटाळा आला होता मला निकाल देण्याचा.

"हिरवी ठेव," मी म्हणाले. "लाल त्यांना दे. आधी सांगितलं ते चुकीचं होतं."

ती म्हणाली, "आईला मी नाही सांगू शकत. तूच सांग." आणि चालण्याचा आवाज आला.

"ताई," धाकटी म्हणाली. "दिसला का अंगठा?"

"दिसला."

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. पूर्वी रिंगच्या दारातून दिसला असता."

"असं का केलंस गं?" माझा आवाज चढला, रडू येऊ नये म्हणून. "मला सांगितलं असतंस, की हिच्यात जीव अडकलाय."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं.

बारा वर्षं आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये बीगलची रिंग माझ्याकडे होती. सख्ख्या बहिणीची कुत्री मला तपासता येत नव्हती, नियमच तसा. म्हणून बारा वर्षं ती त्या शोला कुत्री घेऊन आली नाही. घरीच राहिली. मी संध्याकाळी निकाल सांगायला फोन करायचे आणि ती विचारायची, पहिल्या आलेलीची पाठ कशी होती? तिने कधी तक्रार केली नाही. मीही रिंग सोडली नाही. सोडता आली असती.

फोनमधून लालचा बारीक कूं-कूं आवाज येत होता. तिला मांडीवरून उचलत असावेत. धाकटी म्हणाली, "पट्टा सैल बांध गं, मानेला काचतो तिच्या," ते भाचीला. मग दार लागल्याचा आवाज आला.

"राग आला?" मी विचारलं.

"नाही गं. बरोबरच केलंस. हिरवी चांगली आहे, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं." तिने नाक ओढलं. "पण तुझ्या हातून माझ्या कुत्रीला पहिला नंबर मिळाला की नाही, एकदाचा? पाऊण तास टिकला."